अँटिबायोटिकचे तक्ते: तयार घेऊ नका, असे बनवा (सेकंड इयरवाल्यांसाठी)

सेकंड इयरचे पोरं-पोरी परीक्षा जवळ आली की एकच मागतात, "दादा, अँटिबायोटिकचा चार्ट आहे का?" आणि चार्ट असतोच, अंबाजोगाई असो, लातूर असो नाहीतर नांदेड, प्रत्येक हॉस्टेलात एक रंगीत पीडीएफ फिरतच असते. अडचण पीडीएफची नाही, तिच्यात सगळं बरोबरच असतं, पण तीस ओळी आणि पाच कॉलम म्हणजे दीडशे खाने होतात अन ते दीडशे खाने सुटे सुटे पाठ करायला गेलं की तिसऱ्या दिवशी क्लॉक्सासिलिनचं सेफॅझोलिनमध्ये जातं. खरं तर त्यातले निम्मे खाने पाठ करायचेच नसतात, शेजारच्या खान्यातून आपोआप निघतात. ते कसे काढायचे तेच इथं सांगतो. बीटा-लॅक्टम गटावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण पेपरात, व्हायव्हात अन पुढं वॉर्डात सगळ्यात जास्त तोच भेटतो. डोस कुठंच देणार नाही, हे रिव्हिजनसाठी आहे, पेशंटला औषध लिहायसाठी नाही.

पायरी १: एक नाही, दोन तक्ते करा

बहुतेक चार्टात पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, मग अमिनोग्लायकोसाइड, मॅक्रोलाइड असं सगळं एकाखाली एक असतं. त्यामुळं होतं काय, की "काम कसं करतं" या कॉलममध्ये पहिल्या आठ-दहा ओळींना एकच वाक्य येतं, पीबीपीला चिकटतं, सेल वॉल बनू देत नाही. दहा वेळा तेच लिहिलेला कॉलम काहीच शिकवत नाही.

म्हणून एक मोठा तक्ता, ज्यात एका गटाला एकच ओळ. अन दुसरा आतला तक्ता, फक्त बीटा-लॅक्टमचा, ज्यात "काम कसं करतं" हा कॉलम काढून टाकायचा अन त्या जागी लिहायचं "आधीच्यापेक्षा काय बदललं". आतल्या तक्त्याची सगळी जान या एका कॉलमात आहे.

पायरी २: कॉलमचा क्रम बदला

पुस्तकात आधी स्पेक्ट्रम येतं. तुम्ही आधी काम कसं करतं ते लिहा, मग रेझिस्टन्स, मग स्पेक्ट्रम, शेवटी साईड इफेक्ट. औषध जिथं जाऊन बसतं तिथंच बॅक्टेरिया तोड काढतो, अन तोड कुणाकडं आहे हे कळलं की औषध कशावर चालणार नाही ते लिहायला पुस्तक उघडावं लागत नाही.

रेझिस्टन्सच्या कॉलममध्ये लांबलचक काही लिहू नका, चारच शब्द वापरा: *तोडतो* (एन्झाइमनं औषध फोडणं किंवा निकामं करणं), *जागा बदलतो* (औषध जिथं बसतं ती जागाच वेगळी करणं), *दार लावतो* (पोरिन कमी करणं), *बाहेर फेकतो* (पंप). परीक्षेला लागतो तेवढा जवळपास सगळा रेझिस्टन्स या चारांत बसतो.

स्पेक्ट्रमच्या कॉलममध्ये "ब्रॉड" हा शब्द स्वतःला बंद करा. ॲमॉक्सिसिलिनपण ब्रॉड अन मेरोपेनेमपण ब्रॉड, मग फरक काय कळला? त्याच्याऐवजी प्रत्येक ओळीला ठरलेले सात प्रश्न विचारा: साधा स्टॅफ, एमआरएसए, एन्टरोकोकस, ई कोलाय, सुडोमोनास, ॲनेरोब, ॲटिपिकल. हो किंवा नाही. अन "चालत नाही" याचा वेगळा कॉलम ठेवाच ठेवा, कारण एमसीक्यू नव्वद टक्के तिथूनच येतात असं माझं मत आहे, आकडा अंदाजपंचे समजा.

पायरी ३: एक ओळ भरून बघू, अमिनोग्लायकोसाइड

जेंटामायसिन, अमिकासिन. हे रायबोसोमच्या ३०एस भागाला चिकटतात, त्यामुळं प्रोटीन चुकीचं बनतं अन बॅक्टेरिया मरतो. एवढं सगळेच लिहितात. पण औषध आत कसं जातं तेपण लिहा: बॅक्टेरियाच्या आतल्या मेंब्रेनमधून ते आत ओढून घ्यायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते.

आता हे एक वाक्य लिहिलं की बघा पुढचं किती निघतं. ऑक्सिजन लागतो, म्हणजे ॲनेरोबवर चालणार नाही. ऑक्सिजन कमी अन ॲसिडिक असलेल्या पसच्या गळूतपण नीट काम करणार नाही. एन्टरोकोकसमध्ये एकटं पुरेसं आत जात नाही, पण ॲम्पिसिलिननं वॉल ढिली केली की आत घुसतं, म्हणून एन्टरोकोकसच्या एंडोकार्डायटिसमध्ये दोन्ही जोडीनं देतात. म्हणजे एका खान्यातून तीन उत्तरं निघाली.

रेझिस्टन्स मुख्य *तोडतो* यातला, औषधाला ॲसिटिल, फॉस्फेट असे ग्रुप चिकटवून निकामं करणारे एन्झाइम असतात. अमिकासिनची रचना अशी आहे की बऱ्याच एन्झाइमना ते जमत नाही, म्हणून जेंटा रेझिस्टंट अन अमिकासिन सेन्सिटिव्ह असे रिपोर्ट दिसतात. साईड इफेक्टमध्ये किडनी अन कान, पण पुढं एक शब्द लिहा: किडनीचं बहुतेक भरून येतं, कानाचं सहसा येत नाही. तिसरं म्हणजे न्यूरोमस्क्युलर ब्लॉक, म्हणून मायस्थेनियावाल्याला टाळायचं.

या पद्धतीनं मोठा तक्ता साधारण असा होतो. काही गट मुद्दाम सोडलेत, ते तुम्ही भरा.

| गट | कुठं काम | रेझिस्टन्स | मुख्य उपयोग | चालत नाही | लक्षात ठेवायचा त्रास |
|---|---|---|---|---|---|
| व्हॅन्कोमायसिन | वॉलच्या डी-ॲला-डी-ॲला टोकाला चिकटतं | जागा बदलतो (डी-ॲला-डी-लॅक) | एमआरएसए, एन्टरोकोकस | ग्राम निगेटिव्ह | इन्फ्यूजन जोरात दिलं तर अंग लाल, किडनी |
| अमिनोग्लायकोसाइड | ३०एस | तोडतो | एरोबिक ग्राम निगेटिव्ह | ॲनेरोब | कान, किडनी |
| डॉक्सिसायक्लिन | ३०एस, टी-आरएनए अडवतं | बाहेर फेकतो, रायबोसोम वाचवतो | स्क्रब टायफस, ॲटिपिकल | सुडोमोनास, प्रोटियस | दात, अन्ननलिकेला व्रण, उन्हानं त्वचा भाजणं |
| अझिथ्रोमायसिन | ५०एस | जागा बदलतो, बाहेर फेकतो | ॲटिपिकल | एन्टरोकोकस, सुडोमोनास | क्यूटी वाढणं |
| लिनेझोलिड | ५०एस | जागा बदलतो | एमआरएसए, व्हीआरई | ग्राम निगेटिव्ह | प्लेटलेट कमी, नसांचा त्रास |
| सिप्रो, लिव्हो | डीएनए गायरेज, टोपोआयसोमरेज-४ | जागा बदलतो, बाहेर फेकतो | ग्राम निगेटिव्ह, सुडोमोनास | एमआरएसए | टेंडन, क्यूटी, शुगर वरखाली |

व्हॅन्कोच्या ओळीकडं एकदा नीट बघा. ग्राम निगेटिव्हवर का चालत नाही? मॉलिक्यूल इतका मोठा आहे की बाहेरच्या मेंब्रेनच्या पोरिनमधून मावतच नाही. अन बीटा-लॅक्टमेज त्याला काही करू शकत नाही, कारण त्यात बीटा-लॅक्टम रिंगच नाही. दोन्हीही वॉलवर काम करतात म्हणून पोरं त्यांना एकाच डब्यात टाकतात, पण व्हॅन्को वॉलच्या मालाला धरतं अन पेनिसिलिन गवंड्याला धरतं. गवंडी म्हणजे पीबीपी. एमआरएसएनं गवंडी बदलला तरी माल तोच राहिला, म्हणून व्हॅन्को चालतं. एवढं समजलं की तो खाना परत वाचायची गरज नाही.

पायरी ४: बीटा-लॅक्टमचा आतला तक्ता

हा तक्ता वरून खाली गोष्टीसारखा वाचायचा. प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीची एक अडचण सोडवली आहे अन बॅक्टेरियानं त्यावर परत काहीतरी काढलं आहे.

| औषध | आधीच्यापेक्षा काय बदललं | आता कशावर चालतं | चालत नाही | कशानं हरतं |
|---|---|---|---|---|
| पेनिसिलिन जी | मूळ | स्ट्रेप्टोकोकस, सिफिलिस | बहुतेक स्टॅफ, ई कोलाय | पेनिसिलिनेज तोडतं |
| क्लॉक्सासिलिन | मोठी साईड चेन, पेनिसिलिनेजला पकडता येत नाही | साधा स्टॅफ | एमआरएसए, एन्टरोकोकस, ग्राम निगेटिव्ह | जागा बदलली, पीबीपी-२ए |
| ॲमॉक्सिसिलिन | अमिनो ग्रुप, पोरिनमधून जातं | एन्टरोकोकस फीकॅलिस, लिस्टेरिया, साधा ई कोलाय | बहुतेक स्टॅफ, क्लेबसिएला, सुडोमोनास | बीटा-लॅक्टमेज तोडतं |
| ॲमॉक्सी-क्लॅव | सोबत इनहिबिटर | वरचं, शिवाय साधा स्टॅफ, ॲनेरोब | एमआरएसए, सुडोमोनास | ॲम्प-सी, पीबीपी बदल |
| पिपरासिलिन-टाझोबॅक्टम | आणखी आत जातं | वरचं, शिवाय सुडोमोनास | एमआरएसए | कार्बापेनेमेज, ॲम्प-सी |
| सेफॅझोलिन | वेगळी रिंग | साधा स्टॅफ, थोडे ग्राम निगेटिव्ह | एन्टरोकोकस, लिस्टेरिया, सुडोमोनास | बरेच एन्झाइम |
| सेफ्ट्रिॲक्सोन | साध्या बीटा-लॅक्टमेजपुढं टिकतं | न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, ई कोलाय | एन्टरोकोकस, लिस्टेरिया, सुडोमोनास | ईएसबीएल, ॲम्प-सी |
| मेरोपेनेम | ईएसबीएल अन ॲम्प-सी दोन्हीपुढं टिकतं | ईएसबीएल ई कोलाय, सुडोमोनास, ॲनेरोब | एमआरएसए, एन्टरोकोकस फीसियम | एनडीएमसारखे कार्बापेनेमेज, पोरिन कमी |
| ॲझट्रिओनाम | एकच रिंग | फक्त एरोबिक ग्राम निगेटिव्ह | सगळे ग्राम पॉझिटिव्ह, ॲनेरोब | ईएसबीएल तोडतं, एनडीएम तोडत नाही |

ॲटिपिकल या तक्त्यात लिहिलंच नाही, कारण उत्तर सगळीकडं "नाही" आहे. मायकोप्लाझ्माला सेल वॉलच नाही, मग वॉल बनू न देणारं औषध त्याचं काय बिघडवणार? हे तक्त्याच्या डोक्यावर एकदा लिहून टाका, प्रत्येक ओळीत नको.

या तक्त्यात नेहमी गोंधळ होणाऱ्या दोन जागा आहेत.

पहिली, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलं की सगळा रेझिस्टन्स जातो असं वाटणं. इनहिबिटर फक्त *तोडतो* या रेझिस्टन्सवर काम करतो. न्यूमोकोकसचा पेनिसिलिन रेझिस्टन्स पीबीपी बदलून येतो, तो बीटा-लॅक्टमेज बनवतच नाही, त्यामुळं ॲमॉक्सिसिलिनच्या जागी ॲमॉक्सी-क्लॅव दिल्यानं न्यूमोकोकसवर काहीच फायदा नाही, जुलाब तेवढे जास्तीचे. एमआरएसएचंपण तेच, म्हणून कोणताच इनहिबिटर तिथं कामाचा नाही. तक्त्यात "तोडतो" अन "जागा बदलतो" वेगळ्या रंगानं लिहिलं तर हा प्रश्न कधीच चुकणार नाही.

दुसरी, थर्ड जनरेशन म्हणजे सुडोमोनास अशी पक्की बसलेली समजूत. थर्ड जनरेशनमध्ये सुडोमोनासवर सेफ्टाझिडिम अन सेफोपेराझोन चालतात, सेफ्ट्रिॲक्सोन अन सेफोटॅक्झिम नाही. सेफ्टाझिडिम स्टॅफवर मात्र कमजोर आहे. कार्बापेनेममध्येपण असंच एक पोर घरच्यांसारखं नाही, अर्टापेनेम सुडोमोनासवर चालत नाही. जनरेशनच्या नावानं ओळ करू नका, औषधाच्या नावानं करा.

साईड इफेक्टचा कॉलम आतल्या तक्त्यात मुद्दाम घेतला नाही. ॲलर्जी, पुरळ, जुलाब हे सगळ्यांना कॉमन, ते एकदाच लिहा. मग फक्त वेगळं असेल तेच: ॲमॉक्सी-क्लॅवनं कोलेस्टॅटिक कावीळ, सेफ्ट्रिॲक्सोननं पित्ताशयात गाळ अन नवजात बाळाला कॅल्शियमच्या सलाइनसोबत अजिबात नाही, सेफोपेराझोननं प्रोथ्रॉम्बिन कमी होऊन रक्तस्त्राव अन वरून दारू घेतली तर डायसल्फिरामसारखी रिॲक्शन, सेफेपिमनं किडनी खराब असलेल्याला गोंधळल्यासारखं होणं, इमिपेनेमनं फिट. पेनिसिलिनची खरी ॲनाफिलॅक्सिस असलेल्याला ॲझट्रिओनाम चालतं, पण सेफ्टाझिडिमची ॲलर्जी असेल तर जपून, कारण दोघांची साईड चेन एकच आहे.

पायरी ५: तक्ता घेऊन एक रिपोर्ट वाचा

तक्ता बरोबर बनलाय का हे पाठ म्हणून कळत नाही, कल्चरचा रिपोर्ट समोर ठेवून कळतं. हा रिपोर्ट मी बनवलेला आहे, पण असे लई भेटतील. साठीतल्या बाई, शुगर आहे, ताप, थंडी, कंबरेत एका बाजूला दुखतंय. लघवीच्या कल्चरमध्ये ई कोलाय. ॲम्पिसिलिन रेझिस्टंट, सेफ्ट्रिॲक्सोन रेझिस्टंट, सेफ्टाझिडिम रेझिस्टंट, ॲझट्रिओनाम रेझिस्टंट, सिप्रो रेझिस्टंट. सेफॉक्सिटिन सेन्सिटिव्ह, पिप-टाझो सेन्सिटिव्ह, अमिकासिन सेन्सिटिव्ह, मेरोपेनेम सेन्सिटिव्ह.

आता शेवटच्या कॉलमवर बोट ठेवा. सेफ्ट्रिॲक्सोन हरलंय म्हणजे ईएसबीएल किंवा ॲम्प-सी. दोघांत फरक कसा करायचा? सेफॉक्सिटिन. ईएसबीएलला सेफॉक्सिटिन तोडता येत नाही, ॲम्प-सीला येतं. इथं सेफॉक्सिटिन सेन्सिटिव्ह आहे, म्हणजे ईएसबीएलकडं झुकतं. ॲझट्रिओनाम रेझिस्टंट, तेपण ईएसबीएलशी जुळतं. सिप्रोचा मात्र याच्याशी थेट संबंध नाही, तो गायरेज बदलल्यामुळं गेलाय, पण ईएसबीएलचे जीन ज्या प्लाझ्मिडवर असतात त्यावर बाकीच्या औषधांचे रेझिस्टन्सपण सोबत येतात, त्यामुळं असे रिपोर्ट जोडीनंच दिसतात.

मग पिप-टाझो सेन्सिटिव्ह लिहिलंय तर ते द्यायचं का? इथं तक्ता संपतो अन पुरावा सुरू होतो. २०१८ ला मेरिनो नावाची ट्रायल आली, रक्तात सेफ्ट्रिॲक्सोन रेझिस्टंट ई कोलाय किंवा क्लेबसिएला असलेल्या पेशंटमध्ये पिप-टाझो अन मेरोपेनेमची तुलना होती, सगळे जंतू पिप-टाझोला सेन्सिटिव्ह असलेलेच घेतले होते. तीस दिवसांत पिप-टाझोच्या गटात १२.३ टक्के मृत्यू, मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के. म्हणून सिरियस ईएसबीएल इन्फेक्शनला कार्बापेनेम पहिलं धरतात. तक्त्यात पिप-टाझोच्या ओळीत "ईएसबीएल: कागदावर हो, भरवसा नाही" असं लिहून ठेवा. व्हायव्हात हे एक वाक्य बोललात तर समोरचे सर पुढचा प्रश्न जरा प्रेमानं विचारतात.

आता हाच रिपोर्ट थोडा बिघडवू. मेरोपेनेमपण रेझिस्टंट आलं, अन लॅबनं कळवलं की एनडीएम आहे. एनडीएम हा झिंकवर चालणारा एन्झाइम, पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम सगळं तोडतो. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम दिलं तर? ॲव्हिबॅक्टम ईएसबीएल अन ॲम्प-सीला थांबवतं, एनडीएमला नाही, म्हणजे सेफ्टाझिडिम तुटणारच. आता शेवटची ओळ वाचा: ॲझट्रिओनामला एनडीएम तोडत नाही. मग रिपोर्टात ॲझट्रिओनाम रेझिस्टंट का? कारण त्याच बॅक्टेरियाकडं ईएसबीएलपण आहे अन ते ॲझट्रिओनाम तोडतं.

तर जोडा दोन्ही. ॲव्हिबॅक्टम ईएसबीएलला अडवतं, एनडीएम ॲझट्रिओनामला काही करू शकत नाही, म्हणजे ॲझट्रिओनाम पीबीपीपर्यंत पोचलं. एकेकटी रेझिस्टंट दिसणारी औषधं एकत्र चालतात. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम सोबत ॲझट्रिओनाम हे खरंच वापरात आहे, अन तुम्ही ते कोणत्या गाईडलाइनमधून पाठ न करता नुसत्या तक्त्यातून काढलं. यालापण मर्यादा आहे, आपल्याकडच्या काही ई कोलायमध्ये पीबीपी-३ च बदललेला असतो, तिथं ही जोडीपण कमी पडते. कोणता शब्द झाला? *जागा बदलतो*.

पायरी ६: रिव्हिजन करताना

भरलेला तक्ता वाचत बसू नका, वाचताना सगळं येतंय असंच वाटतं. कोऱ्या कागदावर फक्त पहिला कॉलम अन "काय बदललं" लिहा, बाकीचं त्यावरून काढा. जो खाना काढता येत नाही तो खरा पाठ करायचा खाना, तेवढेच वेगळ्या कागदावर घ्या. लिनेझोलिडनं प्लेटलेट कमी होतात हे मोठ्या तक्त्यातल्या कोणत्याच कॉलमातून निघत नाही, ते घोकावंच लागतं. व्हॅन्को ग्राम निगेटिव्हवर चालत नाही हे घोकायची काही गरज नाही.

एक छोटी टेस्ट सांगतो, बारा-पंधरा मिनिटांत होते. कोऱ्या कागदावर सात जंतू लिहा अन प्रत्येकापुढं आतल्या तक्त्यातून कोणकोणतं चालतं ते भरा, म्हणजे तक्ता आडवा न वाचता उलटा वाचायचा. एन्टरोकोकसपुढं सेफॅझोलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन लिहिलं गेलं असेल, किंवा एमआरएसएपुढं मेरोपेनेम आलं असेल, तर त्या ओळीचा "चालत नाही" कॉलम परत भरा. एमआरएसएपुढं या तक्त्यातलं एकही औषध यायला नको. सेफ्टारोलिन हे एक सेफॅलोस्पोरिन मात्र पीबीपी-२ए ला चिकटतं, ते तक्त्यात नाही, दहावी ओळ म्हणून खाली स्वतः घाला अन "काय बदललं" या खान्यात काय लिहायचं ते आता तुम्हाला येतंच.